पॅम्प्लेटवर लिहाल तेच दारात दिसलं पाहिजे

जून उजाडला की चाळीसगावात शाळेच्या गाड्यांची पॅम्प्लेटं फिरू लागतात. कुणी ती वर्तमानपत्राच्या घडीत घालून देतो, कुणी वह्या-पुस्तकांच्या दुकानात गठ्ठा ठेवतो. मजकूर बहुतेक सगळ्यांवर एकच असतो : ‘सुरक्षित व वेळेवर सेवा. अनुभवी चालक. माफक दर.’ खाली मोबाइल नंबर.

त्या नंबरवर पहिला फोन येतो तो आईचा, आणि ती विचारते ते यातलं काहीच नसतं. गाडी आमच्या दाराशी किती वाजता येईल? गाडीत एकूण मुलं किती? कुणी मोठं बाईमाणूस सोबत असतं का? दुपारी मी पाच मिनिटं उशिरा आले तर मुलीला रस्त्यावर सोडून जाणार नाही ना? म्हणजे पॅम्प्लेट वाचूनही तिचा एकही प्रश्न सुटलेला नसतो. छोट्या व्यावसायिकांचे मजकूर लिहिण्याचं काम करताना हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून हा लेख शाळेची व्हॅन चालवणाऱ्यांसाठी. पालकाला द्यायचा शब्द कसा ठरवायचा, कसा लिहायचा आणि तो पाळता येईल याची खात्री छपाईआधी कशी करायची, एवढंच यात सांगायचं आहे.

कसोटी एकच ठेवा. पालकाला दारात उभं राहून जी गोष्ट स्वतः तपासता येते, तोच शब्द द्यायचा. ‘सुरक्षित’ हे तपासता येत नाही. ‘गाडीत अकराच मुलं’ हे मोजता येतं. ‘वेळेवर’ हे तपासता येत नाही. ‘८.०५ ते ८.०८’ हे घड्याळात दिसतं.

आधी कागद, मग मजकूर

मजकुराला बसण्याआधी गाडीची फाइल उघडा. नंबरप्लेट पांढरी असेल तर गाडी खासगी आहे, आणि भाडं घेऊन मुलं नेण्याचा शब्द त्या गाडीला देताच येत नाही. प्रवासी वाहनाची पिवळी पाटी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना हे सगळं चालू तारखेचं हवं. वाहतुकीच्या गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. गाडी जुनी असेल तर ही तारीख हमखास नजरेतून सुटते.

राज्यात शाळेच्या वाहनांसाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, गाडीत अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी असावी, मुली असतील तर महिला मदतनीस असावी, हे त्यातलंच. त्याच्याही आधी, १९९७ मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसवर शाळेचं नाव व फोन नंबर लिहिणं, खिडक्यांना आडव्या पट्ट्या लावणं आणि दाराला भक्कम कडी असणं सक्तीचं केलं. तुमची गाडी या नियमांत बसते का, आणि लहान मुलांचा आसनांचा हिशेब कसा धरायचा, हे आरटीओत विचारून घ्या. त्यासाठी आता जळगावला जावं लागत नाही. एमएच-५२ झाल्यापासून ते कार्यालय चाळीसगावातच आहे.

मजकुरात या कागदांची यादी देऊ नका, ती कुणी वाचत नाही. एकच ओळ लिहा : ‘गाडीची सर्व कागदपत्रं गाडीतच असतात. पालकांनी कधीही मागून पाहावीत.’ ही ओळ छापल्यावर फाइल घरी ठेवून चालणार नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

वेळेचा शब्द : आधी मोजा, मग लिहा

वेळेच्या बाबतीत शब्द मोडतो तो बहुतेक वेळा चालकाच्या आळसामुळे नाही, तर मालकाने अंदाजाने वेळ छापल्यामुळे. एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू.

समजा, गाडीचं पासिंग चालकासह तेरा आसनांचं आहे. एका आसनावर मदतनीस ताई बसतील, म्हणजे मुलं अकरा. थांबे आठ. शाळेची घंटा ९ वाजता. (पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला आहे. त्यामुळे लहान मुलांच्या बऱ्याच गाड्यांचं गणित आता याच वेळेभोवती बसतं.) मुलांना ८.५० पर्यंत फाटकाच्या आत सोडायचं ठरवू.

शाळा सुरू होण्याआधी गाडी मोकळी फिरवून पाहिली तर २२ मिनिटं लागतात. मालक इथेच फसतो. तो २२ मध्ये आठ-दहा मिनिटं मिळवतो आणि वेळ छापून टाकतो. खरी मेख थांब्यावर आहे. दार उघडणं, दप्तर वर घेणं, मूल नीट बसणं, आईचा हात हलवून होणं आणि दार लावून कडी तपासणं, यात थांब्यामागे सरासरी दीड मिनिट जातं. आठ थांब्यांची १२ मिनिटं. म्हणजे नेहमीच्या दिवशीची फेरी ३४ मिनिटांची.

आता सलग सहा दिवस शाळेच्या वेळेलाच फेरी मारा आणि वहीत वेळ लिहा. त्यात आठवडे बाजाराचा दिवस आणि निदान एक पावसाचा दिवस येऊ द्या. रुळांच्या दोन्ही बाजूंना वस्ती असलेल्या आपल्या गावात ओलांडणीच्या जागी किती वेळ जातो, हे वेगळं टिपा. धरून चालू की सर्वांत वाईट दिवशी ४१ मिनिटं लागली. मग शब्द या ४१ वरून ठरवायचा, ३४ वरून नाही. पहिला थांबा ८.०५ ला धरला, तर नेहमीच्या दिवशी गाडी ८.३९ ला पोहोचेल आणि वाईट दिवशी ८.४६ ला. ८.५० चा शब्द दिला, तर वाईट दिवशीही चार मिनिटं हातात राहतात.

पहिल्या आणि शेवटच्या थांब्याला मात्र एकसारखा शब्द देता येत नाही. वाटेतला सगळा उशीर गोळा होत जातो आणि शेवटच्या दारात दिसतो. पहिल्या थांब्यावर गाडी ८.०५ ते ८.०८ मध्ये नक्की येईल. शेवटच्या थांब्यावर नेहमी ८.३३ च्या सुमारास येणारी गाडी वाईट दिवशी ८.४० ला येईल. तिथल्या आईला ‘८.३३’ असं छापून दिलं, तर महिन्यात चार वेळा ती रस्त्याकडे डोळे लावून उभी राहील आणि गाडी रोजच उशिरा येते असं म्हणेल. तिला ‘८.३२ ते ८.४०’ असं सांगा. तिच्या नशिबी थोडं जास्त थांबणं आहे, हे आधीच कळलं की ती तक्रार करत नाही. म्हणून पॅम्प्लेटवर सगळ्यांसाठी एकच वेळ न छापता, प्रत्येक घराला त्याच्या थांब्याची वेळ लिहिलेलं छोटं कार्ड द्या.

या शब्दाला दोन बाजू आहेत. गाडी दिलेल्या वेळेच्या आधी निघणार नाही, ही तुमची बाजू. रस्ता मोकळा मिळाला आणि तुम्ही ८.३० लाच पोहोचलात, तरी ८.३२ पर्यंत थांबायचं. दुसरी बाजू पालकांची. मूल तयार नसेल तर गाडी किती थांबेल, हे लिहायलाच हवं. प्रत्येक थांब्यावर फक्त एकेक मिनिट जास्त थांबलात, तरी आठ मिनिटं जातात आणि हातातली चार मिनिटं कधीच संपलेली असतात. ‘मूल दारात नसेल तर गाडी दोन मिनिटं थांबेल आणि मग निघेल’ असं लिहायला अनेकांना संकोच वाटतो. गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती असते. पण उरलेल्या दहा घरांना तीच ओळ हवी असते, कारण एका घराच्या दोन मिनिटांसाठी रोज त्यांची मुलं खोळंबतात.

सुरक्षिततेचे तीनच शब्द

सुरक्षिततेबद्दल दहा गोष्टी लिहिल्या की एकही लक्षात राहत नाही. पालकांच्या मनातली भीती तीन जागी असते. तिथेच शब्द द्या.

पहिली जागा म्हणजे गर्दी. अकराची गाडी ऑक्टोबरपर्यंत चौदाची होते, हे पालकांनी पाहिलेलं आहे. म्हणून आकडा लिहा आणि तो वर्षभरासाठी लिहा : ‘या गाडीत अकरा मुलं असतात. वर्षाच्या मध्ये बारावं घेतलं जाणार नाही. पुढच्या सीटवर आणि मांडीवर मूल बसवलं जाणार नाही.’ मदतनीस ताईंची सीट विकायची नाही, हे त्यात आलंच. हा शब्द दिल्याने वाढीव मुलांचं भाडं बुडतं, हे खरं. मग महिन्याचं भाडं ठरवतानाच ते अकरा मुलांवर बसवा. भाडं कमी सांगायचं आणि नंतर मुलं वाढवून भरून काढायचं, यात शब्द पहिल्याच महिन्यात मोडतो.

दुसरी जागा म्हणजे दुपारचं दार. सकाळी मूल घेताना आई समोर असते. परतताना कोण असेल हे सांगता येत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत आई-वडील कामावर असतात आणि दारात आजी उभ्या असतात. ‘गाडी कव्हय येई?’ असं त्या अहिराणीत शेजारणीला विचारत असतात. पॅम्प्लेट आणि कार्ड त्यांनाही वाचता यावं, म्हणून अक्षर मोठं आणि वाक्यं छोटी ठेवा. शब्द असा द्या : ‘तुम्ही लिहून दिलेल्या तीन माणसांपैकी एकाच्या हातीच मूल सोपवलं जाईल. दारात कुणी नसेल तर मूल गाडीतच राहील, तुम्हाला फोन येईल आणि फेरी संपल्यावर गाडी पुन्हा तुमच्या दारी येईल.’ मग ती तीन नावं प्रवेशाच्या वेळीच फोटोसह घ्या. फोनवरून ‘आज मामा येईल, त्याच्याकडे द्या’ असं सांगितलं, तर काय करायचं हेही ठरवा. पालकाने नोंदवलेल्या नंबरवरूनच मेसेज आला पाहिजे, नाहीतर मूल सोडायचं नाही. पाहुण्याला राग येईल, पण आईला येणार नाही.

तिसरी जागा पालकांच्या तोंडी कमी येते, पण धोका तिथेच मोठा आहे : गाडीत झोपून राहिलेलं मूल. सप्टेंबर २०२२ मध्ये कतारमध्ये चार वर्षांची एक भारतीय मुलगी शाळेच्या बसमध्ये झोपली. ती आत आहे हे न पाहता बस बंद करून लावली गेली, आणि उन्हात ती दगावली. बंद गाडीच्या आत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. मार्च-एप्रिलच्या उन्हातही बंद व्हॅन म्हणजे भट्टीच.

अमेरिकेतल्या अनेक स्कूल बसमध्ये मागच्या टोकाला एक बटन असतं. इंजिन बंद केल्यावर चालकाने मागपर्यंत चालत जाऊन ते दाबलं नाही, तर भोंगा वाजू लागतो. आपल्याला एवढं यंत्र नको. पुठ्ठ्याची एक पाटी करा, तिच्यावर ‘गाडी रिकामी’ असं लिहा आणि ती मागच्या काचेला आतून अडकवायला हूक लावा. फेरी संपली की मदतनीस ताईंनी मागच्या सीटपर्यंत जायचं, सीटखाली वाकून पाहायचं, पाटी अडकवायची आणि तिचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. पुढच्या दारातून नुसतं डोकावलं तर पाटी लागतच नाही, म्हणून ही युक्ती चालते. सीटच्या मागे आडवं झोपलेलं मूल पुढून दिसत नाही, पण मागे गेलं की दिसतं. पॅम्प्लेटवर ओळ एवढीच : ‘प्रत्येक फेरीनंतर मागच्या सीटपर्यंत तपासणी, आणि “गाडी रिकामी” पाटीचा फोटो तुमच्या मोबाइलवर.’ पालक रोज तो फोटो पाहतो आणि शब्द पाळला गेल्याची खात्री त्याला घरबसल्या होते.

शब्द मोडला तर काय, हेही लिहा

कितीही मोजलं तरी एखाद्या दिवशी टायर बसतो, चालक आजारी पडतो, पाऊस कोसळतो. ३१ ऑगस्ट २०२१ ची सकाळ गावाला आठवत असेल. तितूर आणि डोंगरी या नद्यांचं पाणी गावात शिरलं होतं आणि कन्नड घाटात दरड कोसळून वाहतूक बंद पडली होती. अशा दिवशी ‘वेळेवर’ या शब्दाला अर्थ नसतो. तेव्हा पालकाला हवी असते ती खबर. म्हणून उशिराचा शब्द वेगळा द्या : ‘दिलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर वेळ टळण्याआधी तुम्हाला फोन येईल.’ हा फोन चालकाने करायचा नाही. गाडी चालवताना फोन करणारा चालक हाच आईचा सर्वांत मोठा धसका असतो. फोन ताईंनी करायचा.

गाडी बंद पडली तर दुसरी कोणती येईल, तिचा नंबर काय आणि ती चालवणारा कोण, हे जूनमध्येच ठरवून कार्डावर लिहा. अनोळखी गाडी दारात आली, तर मूल देऊ नका, असं पालकांना तुम्हीच सांगा. पुराच्या वेळी पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी अलीकडेच थांबेल आणि मुलं शाळेत परत नेली जातील, हेही लिहून ठेवा. ही ओळ चालकालाही बळ देते. मागून पालकांचे फोन येत असताना पाण्यात गाडी न घालण्याचा अधिकार त्याला छापील शब्दातून मिळतो.

हे शब्द छापू नका

‘१०० टक्के सुरक्षित’ लिहू नका, कारण रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीबद्दल ते खरं नसतं. ‘शासनमान्य’ लिहू नका. परमिट म्हणजे परवानगी, ती शासनाने दिलेली शिफारस नाही. ‘जीपीएस सुविधा’ असं लिहिलं तर पालकाला गाडी त्याच्या मोबाइलवर दिसली पाहिजे. फक्त मालकाला दिसत असेल, तर ‘गाडी कुठे आहे ते मालक मोबाइलवर पाहतात’ असंच लिहा. ‘अनुभवी चालक’ याऐवजी ‘चालक अकरा वर्षांपासून प्रवासी गाडी चालवतात, पोलीस पडताळणी झालेली आहे’ असं लिहा, अर्थात ते खरं असेल तरच.

हा नुसता सचोटीचा प्रश्न नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात खोटी हमी देणंही येतं. भाडं देणारा पालक हा ग्राहक आहे आणि पॅम्प्लेट हा त्याच्या हातातला पुरावा आहे. तुमच्या पॅम्प्लेटवरची प्रत्येक ओळ उद्या जळगावच्या ग्राहक आयोगापुढे वाचली जाईल, असं समजून लिहा.

पूर्ण मजकूर असा होईल

वर केलेल्या उदाहरणाचं पॅम्प्लेट बनवलं तर ते साधारण असं दिसेल. तुमचे आकडे तुमच्या वहीतून घाला.

‘पालकांना आमचा शब्द

तुमच्या थांब्याची वेळ कार्डावर लिहून मिळेल. त्या वेळेआधी गाडी निघणार नाही. मूल तयार नसेल तर गाडी दोन मिनिटं थांबेल.

मुलं ८.५० पर्यंत शाळेच्या फाटकाच्या आत असतील. पाच मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर आधी फोन येईल.

गाडीत अकरा मुलं आणि एक मदतनीस ताई. वर्षभर हाच आकडा राहील.

दुपारी मूल तुम्ही नाव दिलेल्या माणसाच्याच हाती. दारात कुणी नसेल तर मूल गाडीतच राहील.

प्रत्येक फेरीनंतर रिकाम्या गाडीचा फोटो तुमच्या मोबाइलवर.

कागदपत्रं गाडीतच आहेत, कधीही पाहा. पहिल्या आठवड्यात एक दिवस गाडीच्या मागे स्वतः येऊन पाहा.

यातला कोणताही शब्द मोडला तर याच नंबरवर मालकाला सांगा. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर मिळेल.’

शेवटची ओळ विसरू नका. तक्रार कुणाकडे करायची हे कळलं नाही, की पालक ती शाळेच्या फाटकावर इतर पालकांकडे करतो, आणि तोवर तुमच्या कानावर काहीच आलेलं नसतं.

छपाईला देण्याच्या आदल्या संध्याकाळी चालकदादा आणि मदतनीस ताईंना समोर बसवून हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. शब्द मालक देतो, पण रोज सकाळी दारात तो त्या दोघांना पाळायचा असतो. ज्या ओळीला ते दोघं एकमेकांकडे पाहतील, ती ओळ एकतर त्यांना जमेल अशी करा किंवा काढून टाका. त्यानंतर जे उरेल, तेवढंच छापा.